एमएफआय: आरएसआयचा व्हॉल्यूम मोजणारा चुलत भाऊ, आणि त्याचा खोटा डायव्हर्जन्स ओळखायची रीत

चार्टवर एमएफआय, म्हणजे मनी फ्लो इंडेक्स, लावायला दोन क्लिक पुरतात. भावाने नवं शिखर गाठलं आणि एमएफआयचं शिखर मात्र आधीपेक्षा खाली राहिलं, की त्याला बेअरिश डायव्हर्जन्स म्हणायचं, एवढंही कुणीही पाच मिनिटांत सांगतं. अडचण त्यानंतर सुरू होते. असे डायव्हर्जन्स डोळ्यांना भराभर दिसायला लागतात, आणि त्यातले बरेचसे बाजारात घडलेलेच नसतात. ते सूत्रातून जन्माला आलेले असतात. चौदा दिवसांपूर्वीचा एखादा मोठ्या उलाढालीचा दिवस हिशेबातून गळला, की आज काहीही न होता एमएफआय धाडकन खाली येतो.

हा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे: एमएफआय हाताने एकदा मांडून बघायचा आणि दिसलेला डायव्हर्जन्स खरा की गळतीचा, हे तपासायचं. कँडल, शिखर, तळ, स्टॉपलॉस हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. आरएसआय नुसता पाहिला असेल तरी चालेल.

आधी हाताशी काय हवं

- गुगल शीट्स किंवा एक्सेल.
- एका शेअरचे किमान तीन-चार महिन्यांचे रोजचे उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि व्हॉल्यूम. एनएसईच्या संकेतस्थळावर रोजची भावकॉपी फुकट मिळते. शिकण्यापुरतं गुगल शीट्सचं स्वतःचं फंक्शनही चालतं.
- कंपनीच्या घडामोडींची यादी: निकालाची तारीख, बोनस, विभाजन, मोठा लाभांश. ही एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर असते.
- नेहमी वापरता तो कोणताही चार्ट. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर लागत नाही.

## 1. आधी नातं समजून घ्या

आरएसआय वेल्स वाइल्डरने 1978 मध्ये मांडला. त्यात फक्त बंद भाव लागतो: आज बंद भाव किती रुपयांनी वाढला किंवा पडला, त्याची सरासरी, आणि त्या सरासरीवरून 0 ते 100 मधला एक आकडा. जीन क्वाँग आणि अव्रम सूडॅक यांनी 1989 मध्ये एमएफआय मांडला. आकडा तसाच 0 ते 100, मुदत तशीच 14 दिवसांची, शेवटचं सूत्रही तेच, पण आत व्हॉल्यूम घातलेला. म्हणून त्याला सर्रास 'व्हॉल्यूमसह आरएसआय' म्हणतात.

हे वर्णन अर्धवट आहे, आणि पुढचा बराचसा गोंधळ इथूनच येतो. ते ऐकून वाटतं की भावातली वाढ गुणिले व्हॉल्यूम असा काही हिशेब असावा. तसा तो नाही. एमएफआय भावाकडून फक्त दिशा घेतो, वर की खाली. किती रुपये वर, हे त्याच्या गावीही नसतं. दिशा ठरली की त्या दिवसाची सगळी उलाढाल उचलून 'आलेला पैसा' किंवा 'गेलेला पैसा' यातल्या एका बाजूला टाकली जाते.

दोन दिवस घ्या. एका दिवशी शेअर 40 पैशांनी वाढला आणि उलाढाल 130 कोटींची झाली. दुसऱ्या दिवशी तो 12 रुपयांनी वाढला, पण उलाढाल 10 कोटींचीच. आरएसआयच्या लेखी दुसरा दिवस पहिल्याच्या तीसपट मोठा. एमएफआयच्या लेखी पहिला दिवस दुसऱ्याच्या तेरापट मोठा. दोघे एकाच घराण्यातले चुलत भाऊ असले तरी एकाच बाजाराबद्दल इतकी उलटी साक्ष देऊ शकतात.

दुसरा फरक स्मरणशक्तीचा. वाइल्डरच्या सरासरीत जुना दिवस एकदम जात नाही, हळूहळू फिका पडतो. चौदा दिवसांनंतरही त्याचं साधारण एकतृतीयांश वजन शिल्लक असतं. एमएफआयमध्ये साधी बेरीज आहे. चौदाव्या दिवसापर्यंत वजन पूर्ण आणि पंधराव्या दिवशी शून्य. हा फरक लक्षात ठेवा, सहाव्या पायरीवर सगळा खेळ त्याचाच आहे.

'पैसा आला' आणि 'पैसा गेला' हे शब्दही जपून घ्या. प्रत्येक सौद्यात विकणारा असतो तसा घेणाराही असतो. शेअरमध्ये निव्वळ पैसा 'शिरला' असं एमएफआयला कळत नाही. भाव चढला त्या दिवशी घेणाऱ्यांना जास्त घाई होती, असं तो गृहीत धरतो, इतकंच.

## 2. एका दिवसाचा हिशेब करून बघा

पहिलं काम म्हणजे दिवसाचा प्रातिनिधिक भाव काढणं: उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची बेरीज भागिले तीन. हा भाव कालच्यापेक्षा जास्त असेल तर दिवस अधिकचा, कमी असेल तर उण्याचा. अगदी सारखा असेल तर तो दिवस कोणत्याच बाजूला धरत नाहीत. मग हा भाव गुणिले व्हॉल्यूम, म्हणजे दिवसाचा पैसा.

एक काल्पनिक शेअर घेऊ. काल उच्चांक 640, नीचांक 628, बंद 638. प्रातिनिधिक भाव 635.33. आज तो 652 पर्यंत चढला, तिथून मार खाल्ला, नीचांक 633 आणि बंद 636. प्रातिनिधिक भाव 640.33.

आता बघा काय झालं. बंद भाव दोन रुपयांनी पडला, म्हणजे आरएसआयसाठी हा पडझडीचा दिवस. एमएफआयसाठी मात्र प्रातिनिधिक भाव पाच रुपयांनी वर, म्हणून आजची संपूर्ण उलाढाल 'आलेला पैसा'. वरून सोळा रुपये खाली दाबलेला, लांब वरची वात असलेला दिवस! शिखराजवळ असे दिवस हमखास येतात. त्यामुळे ऐन शिखरावर एमएफआय कधीकधी दिसतो त्यापेक्षा तगडा असतो. शिखराच्या दिवशी नुसता आकडा वाचू नका, ती कँडलही बघा.

## 3. चौदा दिवस शीटमध्ये मांडा

शीटच्या पहिल्या घरात डेटा ओढून घ्या आणि शेजारच्या स्तंभांत ही सूत्रं टाका. डावीकडे घराचा पत्ता आहे, तो टाइप करायचा नाही.

```
A1   =GOOGLEFINANCE("NSE:RELIANCE","all",TODAY()-120,TODAY(),"DAILY")
G2   =(C2+D2+E2)/3
H3   =IF(G3>G2, G3*F3, 0)
I3   =IF(G3<G2, G3*F3, 0)
J16  =100*SUM(H3:H16)/(SUM(H3:H16)+SUM(I3:I16))
```

G, H, I, J ही घरं खालपर्यंत ओढा. G मध्ये प्रातिनिधिक भाव, H मध्ये आलेला पैसा, I मध्ये गेलेला आणि J मध्ये एमएफआय. पहिला एमएफआय सोळाव्या ओळीत येतो, कारण चौदा दिवसांची दिशा ठरवायला पंधरा दिवसांचे भाव लागतात.

पुस्तकी सूत्रात आधी आलेल्या पैशाला गेलेल्या पैशाने भागतात आणि मग ते गुणोत्तर 100 मधल्या आकड्यात बसवतात. उत्तर तेच येतं. मात्र चौदाही दिवस चढते असतील तर तिथे शून्याने भागायची वेळ येते. वरच्या मांडणीत ती येत नाही, आणि आकड्याचा अर्थही लगेच कळतो: एकूण उलाढालीतला किती टक्के पैसा चढत्या दिवसांचा आहे.

तुमचा आकडा चार्टवरच्या आकड्याशी ताडून बघा. थोडा फरक पडला तर घाबरू नका. एनएसईच्या भावकॉपीत बंद भाव, `CLOSE_PRICE`, आणि शेवटच्या सौद्याचा भाव, `LAST_PRICE`, हे दोन वेगळे स्तंभ असतात, आणि कोण कोणता घेतं यावरून दशांशात फरक पडतो. फरक पाच-सात अंकांचा असेल तर मात्र डेटातच काहीतरी आहे. पुढची पायरी त्यासाठीच.

## 4. डेटा स्वच्छ आहे का बघा

बोनस आणि विभाजन हा सगळ्यात मोठा सापळा. रिलायन्सचा 1:1 बोनस घ्या. 28 ऑक्टोबर 2024 पासून शेअरचा भाव बोनसपश्चात झाला, म्हणजे जवळपास निम्म्यावर आला. डेटा देणारे सहसा मागचे भाव निम्मे करून ठेवतात. पण त्यांनी मागचा व्हॉल्यूम दुप्पट केला नसेल, तर 28 तारखेआधीच्या प्रत्येक दिवसाचा पैसा हिशेबात अर्धाच धरला जातो. पुढचे चौदा दिवस एमएफआय वाकडा चालतो आणि चार्टवर काही खटकतही नाही.

गंमत म्हणजे, भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही जसेच्या तसे ठेवले तर नुकसान कमी. भाव निम्मा आणि शेअर दुप्पट झाले तरी गुणाकार तोच राहतो. चुकते ती फक्त एका दिवसाची दिशा: बोनसच्या दिवशी भाव निम्म्यावर आल्याने तो दिवस उण्याच्या बाजूला जातो. तेवढं एक घर हाताने दुरुस्त करायचं. म्हणून असा शेअर दिसला की आधी बोनसपूर्व दोन-चार दिवसांचा व्हॉल्यूम भावकॉपीतल्या `TTL_TRD_QNTY` या स्तंभाशी ताडून बघा. आकडा तोच असेल आणि भाव निम्मा असेल, तर डेटा अर्धवट दुरुस्त केलेला आहे.

त्याच आठवड्यात, 1 नोव्हेंबर 2024 ला, दिवाळीचं मुहूर्ताचं ट्रेडिंग झालं, संध्याकाळी एक तास. ते सत्रही चौदांपैकी एक दिवस म्हणून मोजलं जातं. इथे एमएफआय आरएसआयपेक्षा शहाणा ठरतो. एका तासाची उलाढाल मुळातच थोडी, म्हणून त्याचं वजनही थोडं. आरएसआय मात्र त्या तासाला पूर्ण दिवसाचा मान देतो.

बाजार चालू असताना रोजच्या चार्टवरचा एमएफआय वाचू नका. सकाळी साडेनऊला सगळ्यात जुना दिवस गळलेला असतो आणि त्याच्या जागी जेमतेम पंधरा मिनिटांचा व्हॉल्यूम आलेला असतो, शिवाय दिवसाची दिशाही अजून पलटू शकते. साडेतीननंतर बघा.

आणि निफ्टीवर लावायचा असेल तर जरा थांबा. निर्देशांक कुणी विकत घेत नाही, त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम नसतो. चार्टवर दिसतो तो कुठून आला हे आधी शोधा. फ्युचर्सवर लावला तर दर महिन्याला मुदत संपताना व्हॉल्यूम पुढच्या महिन्याच्या करारात सरकतो, म्हणून सलग जोडलेला चार्ट घ्यावा लागतो. नवीन असाल तर भरपूर उलाढालीच्या एखाद्या शेअरवर शिका, निफ्टी नंतर.

## 5. डायव्हर्जन्स शोधा, पण आधी भावात

नवखा माणूस आधी एमएफआयच्या रेषेवरचे उंचवटे शोधतो आणि मग त्याला जुळणारा भाव शोधतो. उलटं करा. एमएफआयचा चार्ट झाका. भावात दोन शिखरं शोधा, दुसरं पहिल्यापेक्षा उंच, मधे स्पष्ट दिसणारा तळ. मग एमएफआय उघडून त्या दोन दिवसांचे आकडे वाचा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असेल तर बेअरिश डायव्हर्जन्सचा संशय. तळाशी याच्या उलट: भावाचा दुसरा तळ खोल आणि एमएफआयचा तळ उथळ, तर बुलिश.

पहिल्या शिखराला एमएफआय 80 च्या वर आणि पहिल्या तळाला 20 च्या खाली गेलेला असेल तर त्या जोडीला अर्थ असतो. 58 वरून 53 झाला, याला डायव्हर्जन्स म्हणण्यात हशील नाही. दोन-तीन अंकांचा फरक माझ्या हिशेबात फरकच नाही. रोजच्या चार्टवर किमान पाच अंक तरी हवेत. हा आकडा पुस्तकातला नाही, माझा आहे, आणि तो शेअरगणिक बदलावा लागतो.

जिथे डायव्हर्जन्स बघूच नये अशी एक जागा आहे: सर्किटला लागलेला शेअर. ज्यांना 5 किंवा 10 टक्क्यांची मर्यादा आहे असे शेअर रोज वरच्या सर्किटला बंद होत असतात तेव्हा विकणारे नसतात, म्हणून सौदे जवळपास होतच नाहीत. भाव रोज नवा उच्चांक करतो आणि आलेला पैसा नगण्य. दरम्यान आधीचे चढत्या उलाढालीचे दिवस एकेक गळत जातात. परिणामी एमएफआय उतरतो आणि चार्टवर सुंदर बेअरिश डायव्हर्जन्स तयार होतो. खरी स्थिती नेमकी उलटी असते: विकायलाच कुणी तयार नसतं.

## 6. गळतीची परीक्षा घ्या

आता मुख्य काम. आकडे काल्पनिक आहेत, पण निकालाच्या मोसमात अशी चित्रं नेहमी दिसतात. बावीस दिवसांचा पैसा, कोटी रुपयांत. अधिक म्हणजे आलेला, उणे म्हणजे गेलेला.

```
1-8     +12  -16  +15  +130  +18  -17  +14  -15
9-14    +16  +13  -14  +17   +15  +20
15-22   -20  -18  +17  -16   +18  +16  +19  +22
```

चौथ्या दिवशी तिमाही निकाल लागला. एरवी पंधरा-वीस कोटींची उलाढाल असलेल्या शेअरमध्ये 130 कोटींची झाली. चौदाव्या दिवशी शेअरने 642 चं शिखर केलं. मग घसरला, अठराव्या दिवशी 619 चा तळ केला, आणि बाविसाव्या दिवशी 658 वर नवं शिखर.

चौदाव्या दिवशी खिडकीत 1 ते 14 हे दिवस आहेत. आलेला पैसा 270 कोटी, गेलेला 62. एमएफआय 81.3.

बाविसाव्या दिवशी खिडकीत 9 ते 22 हे दिवस आहेत. आलेला पैसा 173 कोटी, गेलेला 68. एमएफआय 71.8.

भाव 642 वरून 658, एमएफआय 81.3 वरून 71.8. पहिलं शिखर 80 च्या वर, फरक साडेनऊ अंकांचा. पाठ्यपुस्तकात छापावा असा बेअरिश डायव्हर्जन्स. आणि तो खोटा आहे.

परीक्षा अशी घ्यायची. दोन्ही खिडक्यांत एखादा दिवस बाकीच्यांच्या मानाने अवाढव्य आहे का बघा. पहिल्या खिडकीत चौथा दिवस आहे, दुसरीत नाही. त्या दिवसाची दिशा तशीच ठेवा, पण त्याचा पैसा साध्या दिवसाइतका करा, इथे 15 कोटी. पहिल्या खिडकीत आलेला पैसा 270 ऐवजी 155 होतो आणि एमएफआय 71.4. दुसऱ्या शिखराला 71.8 आहेच. म्हणजे निकालाचा एक दिवस बाजूला ठेवला तर दोन्ही शिखरांना पैशाचा जोर अगदी सारखा आहे. खरेदी आटलेली नाही. चौथा दिवस खिडकीबाहेर गेला, एवढंच घडलं आहे.

तो बाहेर गेल्याची खूण चार्टवर उघड दिसते. सतराव्या दिवशी एमएफआय 75.6 होता, अठराव्या दिवशी 56.5 झाला. एका दिवसात एकोणीस अंकांची घसरण, आणि त्या दिवशीची विक्री किती, तर नेहमीसारखी 16 कोटींची. हीच घसरण चौथा दिवस 15 कोटींचा धरून मोजली तर 63.3 वरून 56.5, म्हणजे सातच अंकांची. उरलेले बारा अंक त्या दिवसाच्या बाजाराचे नाहीतच, ते चौदा सत्रांपूर्वीच्या निकालाचे आहेत. म्हणून सोपी सवय लावून घ्या: साध्या व्हॉल्यूमच्या दिवशी एमएफआयने मोठी उडी किंवा बुडी मारली, की चौदा सत्रं मागे जाऊन व्हॉल्यूमचा खांब बघा. तिथे उंच खांब असला तर उत्तर मिळालं.

आता खरा डायव्हर्जन्स कसा दिसला असता? तोच शेअर, तेच भाव. पण तळापासूनच्या चढात आणि मधल्या सतराव्या दिवशी खरेदी पातळ आहे असं धरू: 17, 18, 16, 19, 22 कोटींच्या जागी 8, 9, 9, 10, 11. दुसऱ्या शिखराला आलेला पैसा 128, गेलेला 68, एमएफआय 65.3. चौथा दिवस दुरुस्त करून पहिलं शिखर 71.4 होतं. सहा अंकांचा फरक उरतोच. मूळ चार्टवर तो सोळा अंकांचा दिसला असता, म्हणजे दिसतो त्यातला निम्म्याहून जास्त भाग अजूनही गळतीचा. पण परीक्षेनंतर जे उरलं ते खरं आहे: नवा उच्चांक निम्म्या उलाढालीवर झाला.

बुलिश बाजूला हा घोळ जास्त वेळा होतो, कारण तळाशी घबराटीच्या विक्रीचा एखादा प्रचंड दिवस असतोच. तो उण्याचा दिवस चौदा सत्रांनी गळला की एमएफआय आपोआप वर येतो. तेवढ्यात भावाने नवा तळ केला तर बुलिश डायव्हर्जन्स तयार! घसरत्या शेअरमध्ये 'आता फिरला' म्हणून शिरणाऱ्यांना हाच दिवस फसवतो.

मोठा दिवस नेहमी निकालाचाच असेल असं नाही. निर्देशांकात शेअर आत-बाहेर होतो तेव्हा इंडेक्स फंडांना ठरलेल्या दिवशी खरेदी-विक्री करावीच लागते, आणि तिची उलाढाल अफाट असते. बल्क डीलचंही तसंच. कंपनीच्या एकूण शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरचा असा व्यवहार एक्स्चेंज त्याच दिवशी जाहीर करतं, त्यामुळे तो शोधायला कष्ट पडत नाहीत. एका प्रवर्तकाने हिस्सा विकला आणि एका म्युच्युअल फंडाने तो घेतला, तर त्यातून दिशा काय कळणार? पण भाव जरासा वर होता म्हणून एमएफआय सगळी रक्कम 'आलेला पैसा' म्हणून मोकळा होतो.

## 7. परीक्षेत टिकला, तर पुढे काय

टिकलेला डायव्हर्जन्स म्हणजे विकायचा आदेश नव्हे. दमदार तेजीत एकामागून एक तीन-तीन खरे बेअरिश डायव्हर्जन्स येतात आणि शेअर चढतच राहतो. पातळ उलाढालीवरही भाव चढू शकतो, जोवर विकणारे शांत आहेत. म्हणून भावाचा होकार येईपर्यंत थांबतात: दोन शिखरांमधला तळ तुटायला हवा. आपल्या उदाहरणात तो 619. शेअर 619 च्या खाली बंद झाला, तर डायव्हर्जन्स फळाला आला म्हणायचं. त्याआधी 658 च्या वर बंद झाला, तर ती जोडी रद्द, नव्या शिखरापासून पुन्हा मोजणी.

याची किंमत मोजावी लागते. 658 चं शिखर आणि 619 चा होकार, मधे 39 रुपये गेले. तिथे विकून स्टॉपलॉस 658 च्या वर ठेवायचा तर सहा टक्क्यांहून जास्त जोखीम झाली. शिवाय रोखीच्या बाजारात हातात नसलेला शेअर विकून तो सौदा उद्यावर नेता येत नाही, त्यासाठी फ्युचर्स लागतात, आणि ते मोजक्याच शेअरमध्ये आहेत. त्यामुळे शेअर आधीच घेऊन बसलेल्या माणसाला बेअरिश डायव्हर्जन्सचा उपयोग सगळ्यात जास्त. समजा 560 ला घेतलाय आणि स्टॉपलॉस 590 ला आहे. डायव्हर्जन्स परीक्षेत टिकला की स्टॉपलॉस 619 च्या जरा खाली आणा आणि नवी खरेदी थांबवा. शेअर चढत राहिला तर तुम्ही आत आहातच.

बुलिश बाजूला होकार म्हणजे दोन तळांमधलं शिखर पार होणं, आणि स्टॉपलॉस दुसऱ्या तळाखाली. तिथे आणखी एक गोष्ट बघावी: होकाराच्या दिवशी व्हॉल्यूम वाढला का. भावकॉपीच्या `DELIV_PER` या स्तंभात, झालेल्या सौद्यांपैकी किती टक्के शेअरची खरोखर डिलिव्हरी झाली, ते मिळतं. एमएफआयला दिवसभरात घेऊन विकलेला शेअर आणि घरी नेलेला शेअर सारखेच. तुम्हाला ते सारखे असायचं कारण नाही.

मुदत 14 वरून 7 वर आणायचा मोह होईल, रेषा जास्त चपळ दिसते म्हणून. 7 दिवसांच्या खिडकीत एका मोठ्या दिवसाचं वजन जवळपास दुप्पट होतं आणि गळतीही तितक्याच जोरात. 21 वर नेली तर धक्के कमी बसतात, पण 80 आणि 20 च्या रेषांना आकडा क्वचितच शिवतो. मी 14 वरच ठेवतो आणि शीटमध्ये शेजारी एक दुसरा स्तंभ ठेवतो, ज्यात कोणत्याही दिवसाचा व्हॉल्यूम चौदा दिवसांच्या मध्यकाच्या दुपटीपेक्षा जास्त धरला जात नाही:

```
K16  =MIN(F16, 2*MEDIAN(F3:F16))
```

एमएफआयच्या सूत्रात F च्या जागी हा K घातला की दुसरी रेषा मिळते. ही मर्यादा सोळाव्या ओळीपासून सुरू होते, म्हणून या रेषेचा पहिला आकडा एकोणतिसाव्या ओळीत धरा. दोन्ही रेषांत डायव्हर्जन्स दिसला तर पुढे विचार करायचा, एकीतच दिसला तर चौदा सत्रं मागचा व्हॉल्यूमचा खांब बघून शीट बंद करायची.